दहावीचं वेळापत्रक: धडे मोजू नका, बैठका मोजा

मी दहावीला असताना डिसेंबरात एक झकास वेळापत्रक केलं होतं. चार रंगांची स्केचपेनं, पट्टीने आखलेले चौकोन, रोज दोन धडे. देवघराच्या शेजारी भिंतीवर चिकटवलं. पहिल्या दिवशी संभाव्यता आणि अवकाश मोहिमा झाले, आणि मला वाटलं आता जग जिंकलं. तिसऱ्या दिवशी वर्तुळ आलं. वर्तुळ त्या दिवशी झालं नाही, दुसऱ्या दिवशी झालं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तोवर मागे सहा धडे साचले होते. मग तो कागद तसाच भिंतीवर पिवळा पडत गेला आणि मी त्याच्याकडे न बघता देवाला नमस्कार करायला शिकलो.

2025 च्या परीक्षेला माझी धाकटी बहीण बसली. आमचं गाव पुसेगावजवळ, मी नोकरीला साताऱ्यात, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी जायचो. तिचं वेळापत्रक आम्ही दोघांनी मिळून केलं, तेही एका शनिवार-रविवारात. कसं केलं आणि कुठे कुठे चुकलं, ते इथे लिहितोय. आकडे तिचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. रीत मात्र हीच ठेवता येईल. पुस्तकं मराठी माध्यमाची, राज्य मंडळाची. तुमच्या हातात वेगळी आवृत्ती असेल तर तुमच्याच पुस्तकाची अनुक्रमणिका घ्या.

आधी हे जवळ घ्या

- सगळ्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकांचे झेरॉक्स (पुस्तकात खुणा करू नका, नंतर पसारा होतो)
- भिंतीवरचं कॅलेंडर, सणवार आणि यात्रांसकट
- शाळेने दिलेलं प्रिलिमचं आणि तोंडी-प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक
- मंडळाचं लेखी परीक्षेचं वेळापत्रक
- मागच्या तीन-चार वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका
- शंभरपानी वही, पेन्सिल, खोडरबर
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच (तेवढंच)

मंडळाचं वेळापत्रक `mahahsscboard.in` वर बघता येतं, पण शाळेत छापील येतं तेच अंतिम धरा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवरून आखणी करू नका. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात, लेखी परीक्षेच्या तारखा मात्र राज्यभर एकच असतात. प्रिलिमच्या तारखा ज्या त्या शाळेच्या. त्या वर्गशिक्षकांना विचारा.

स्केचपेन या यादीत नाही, हे लक्षात आलं असेल.

## 1. उरलेले दिवस मोजा, मग त्यातले गेलेले काढा

पहिला पेपर 21 फेब्रुवारीला होता. आम्ही 16 डिसेंबरच्या सोमवारपासून मोजलं. डिसेंबरचे 16, जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 20, म्हणजे 67 दिवस. धाकटी म्हणाली, "दादा, सदुसष्ट! भरपूर आहेत की."

मग कॅलेंडर खाली काढलं आणि पेन्सिलीने फुल्या मारायला बसलो. सेवागिरी महाराजांची यात्रा डिसेंबरअखेरीला होती. यात्रेत घरी पाहुणे असतात, आणि नोटांच्या माळांनी मढलेला रथ निघतो त्या दिवशी आमच्या भागात कुणाचं पोर अभ्यासाला बसेल असं म्हणणाऱ्याने यात्रा बघितलेली नाही. तीन दिवस गेले. संक्रांतीचा एक. शाळेची प्रिलिम 16 ते 24 जानेवारी, नऊ दिवस. प्रिलिमच्या दिवसांत उद्याच्या पेपरचं वाचायचं असतं, नवीन धडा त्यात बसत नाही. फेब्रुवारीत मामाच्या मुलीचं लग्न, दोन दिवस. तोंडी आणि प्रात्यक्षिकं मिळून तीन. शेवटचे दोन दिवस पहिल्या पेपरसाठी म्हणून मराठीला राखले.

वीस दिवस गेले, सत्तेचाळीस राहिले.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. लग्नाच्या दिवशी "सकाळी तरी एक तास बसेन" असं लिहून ठेवतात. बसत नाही कुणी. तो दिवस पूर्ण काटा. चुकून बसलातच तर तो वरकमाईचा समजा.

## 2. दिवसात खऱ्या किती बैठका होतात ते बघा

बैठक म्हणजे एकदा बसल्यावर नीट लक्ष लागतं तेवढा वेळ. तुमची केवढी आहे ते स्टॉपवॉच लावून दोन दिवस बघा. धाकटीची पन्नास मिनिटांची निघाली. त्यानंतर ती पेनाचं टोपण चावायला लागायची, मग वहीच्या कडेला फुलं काढायची. आम्ही पन्नास मिनिटांची एक बैठक धरली.

शाळेच्या दिवशी अशा दोनच व्हायच्या. एक पहाटे साडेपाचला, आई धार काढायला गोठ्यात गेली की. दुसरी रात्री जेवण झाल्यावर आठला. मधला दिवस शाळा, जादा तास आणि एसटीची वाट बघण्यात जायचा. तिला आधी वाटत होतं चार होतील. मी म्हटलं, मागचे आठ दिवस आठव आणि खरंच किती वेळा बसलीस ते सांग. तिने बोटं मोजली, आणि दोनवर थांबली.

रविवारी आणि सुट्टीला चार. आठ नाही. सुट्टीच्या दिवशी कपडे असतात, दळण असतं, कांद्याची लागण असेल तर रानात हाताखाली माणूस लागतो. फेब्रुवारीत शाळेचे तास बंद झाले की रोज चार.

आता गुणाकार. 31 जानेवारीपर्यंत हाताशी राहिले 34 दिवस. त्यातले 29 शाळेचे, म्हणजे 58 बैठका. पाच सुट्टीचे, चार रविवार आणि नाताळ, म्हणजे 20. फेब्रुवारीतले 13 दिवस चारच्या हिशोबाने 52. एकूण 130.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहा. पुढचं सगळं याच्यातूनच खर्च करायचं आहे.

## 3. सगळ्या बैठका वाटून टाकू नका

130 पैकी 26 आम्ही मोकळ्या सोडल्या, साधारण पाचात एक. ताप येतो, लाइट जाते, एखादं प्रकरण सांगितल्यापेक्षा जास्त खातं. माझ्या वेळच्या रंगीत कागदात अशी एकही जागा नव्हती. म्हणून एक वर्तुळ अडकलं आणि सगळा कागद बुडाला.

आणखी 20 मराठी, हिंदी आणि इंग्रजीला दिल्या. भाषांचा अभ्यास धड्यागणिक मोजता येत नाही. पत्रलेखन, निबंध, व्याकरण असं थोडं थोडं दर आठवड्याला चालू ठेवावं लागतं. त्यामुळे त्यांचा वाटा आधीच बाजूला काढला.

गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र मिळून उरल्या 84.

## 4. प्रत्येक धड्याला किती बैठका लागतात ते करून बघा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. सगळी गडबड इथेच होते.

दहावीच्या गणिताच्या दोन भागांत मिळून 13 प्रकरणं आहेत, भाग एकात सहा आणि दोनात सात. विज्ञानात दहा-दहा मिळून 20. इतिहासाची नऊ, राज्यशास्त्राची पाच, भूगोलाची नऊ. एकूण 56 प्रकरणं. 56 ला नऊ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला सहा येतात, आणि कागदावर ते छान दिसतं. पण संभाव्यता आणि वर्तुळ ही दोन्ही "एक प्रकरण" म्हणून सारखीच मोजायची म्हणजे मोसंबी आणि कलिंगड नगावर विकण्यासारखं आहे.

सगळी 56 करून बघायला वेळ नसतो, म्हणून तीन नमुने घ्या: एक हलकं, एक मध्यम, एक जड. आम्ही संभाव्यता, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण आणि वर्गसमीकरणे घेतली. हे तिन्ही शाळेत शिकवून झाले होते. मोजण्याआधी तिला अंदाज लिहायला लावला. तिने लिहिलं: अर्धी, एक, दोन.

मग घड्याळ लावून बसवली. पूर्ण प्रकरण करून घेतलं नाही, फक्त तुकडा. वर्गसमीकरणांत सरावसंच 2.1 पासून 2.6 पर्यंत आहेत. पहिले तीन ती भराभर सोडवत होती, ते एका बैठकीत बसले असते. सूत्राची पद्धत आणि मुळांचं स्वरूप मिळून दुसरी बैठक. पण 2.6 मधली शाब्दिक उदाहरणं समोर ठेवली आणि गाडी रुतली. पन्नास मिनिटांत तीन झाली. पहिल्यात तर समीकरण मांडायलाच सतरा मिनिटं गेली, सोडवायला चार. म्हणजे त्या एका सरावसंचालाच दोन बैठका, आणि प्रकरणाला चार. तिने लिहिलेल्या दोनच्या दुप्पट.

तिन्ही नमुने दुप्पटच निघाले: एक, दोन, चार. बहुतेकांचा अंदाज कमीच निघतो, कारण आपण वाचायला लागणारा वेळ धरतो. सोडवायला आणि लिहायला लागणारा धरत नाही.

त्यामुळे मोजण्याआधी "झालं" म्हणजे काय ते ठरवा. आमचं असं होतं: गणितात प्रत्येक सरावसंचातली शेवटची दोन उदाहरणं उत्तर न बघता सुटली पाहिजेत. विज्ञानात स्वाध्यायाची उत्तरं पुस्तक मिटून वहीत लिहिली पाहिजेत, तोंडी म्हटलेली चालणार नाहीत. गाइड उघडं ठेवून उतरवलेल्याची वेळ मोजलीत तर कार्बनी संयुगंसुद्धा एका बैठकीत "होतात".

तीन नमुने हातात आले की बाकीच्यांना एकच प्रश्न विचारायचा: हे मला संभाव्यतेसारखं आहे, आवर्ती वर्गीकरणासारखं की वर्गसमीकरणांसारखं? झेरॉक्सवर प्रत्येक नावापुढे आकडा टाकायचा. धाकटीचे आकडे असे आले.

बीजगणित: रेषीय समीकरणे 2, वर्गसमीकरणे 4, अंकगणिती श्रेढी 2, अर्थनियोजन 3, संभाव्यता 1, सांख्यिकी 4. एकूण 16.

भूमिती: समरूपता 3, पायथागोरस 2, वर्तुळ 5, भौमितिक रचना 2, निर्देशक भूमिती 2, त्रिकोणमिती 4, महत्त्वमापन 3. एकूण 21.

विज्ञान भाग एकला 24 लागत होत्या, त्यात कार्बनी संयुगांना एकट्याला चार. भाग दोनला 17. तिथे सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन एकेकात होणारे, आणि प्राण्यांचं वर्गीकरण तीन खाणारं. इतिहास-राज्यशास्त्राला एकेक धरून 14, भूगोलाला नकाशे आणि आलेखांसकट 11.

बेरीज आली 103. हातात होत्या 84.

## 5. तूट आली की झोप कापू नका, काम कापा

धाकटीने लगेच पेन्सिल उचलली आणि रात्रीची तिसरी बैठक लिहिली, साडेनऊ ते दहा-वीस. मी खोडली. पहाटे साडेपाचला उठणारी पोरगी रात्री दहाला गणित करणार, हे चार दिवस चालतं. पाचव्या दिवशी पहाटेचीही बैठक जाते. रोज तीन लिहून एक होण्यापेक्षा दोन लिहून दोन झालेल्या बऱ्या.

कापायच्या होत्या 19. कुठल्या, हे प्रश्नपत्रिका उघडून ठरवलं.

गणिताच्या 40 गुणांच्या पेपरात प्रश्न 4 मध्ये तीनपैकी दोन उदाहरणं सोडवायची असतात, चार-चार गुणांची. प्रश्न 5 मध्ये दोनपैकी एक, तीन गुणांचं, आणि ते बहुधा डोकं खाणारंच असतं. विज्ञानात प्रश्न 3 मध्ये आठपैकी पाच लिहायचे, तीन-तीन गुणांचे. विकल्प इतके असल्यामुळे एखाद्या प्रकरणातला सर्वांत अवघड कोपरा सोडता येतो. पूर्ण प्रकरण मात्र सोडू नका, कारण एका गुणाचे प्रश्न कुठूनही येतात आणि त्यांना विकल्प नसतो.

म्हणून जड प्रकरणांतला तेवढाच कोपरा कापला. वर्तुळ पाचावरून तीनवर आणलं: प्रमेयं आणि थेट सूत्राची उदाहरणं ठेवली, लांबलचक सिद्धता सोडल्या. सांख्यिकी, त्रिकोणमिती, कार्बनी संयुगं, धातुविज्ञान, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम आणि प्राण्यांचं वर्गीकरण यांतून एकेक बैठक काढली. नऊ झाल्या. इतिहास-राज्यशास्त्राची एका बैठकीत दोन प्रकरणं धरली, चौदाच्या सात झाल्या. भूगोलाच्या अकराच्या आठ. तिथून दहा.

बरोबर 84.

तुमच्याकडे कापायची जागा वेगळी असेल. ज्याचं गणित पक्कं आणि इतिहास कच्चा, त्याने उलटं करावं. कापलं ते काय, हे मात्र वहीत नावानिशी लिहा: "वर्तुळ, सिद्धता सोडल्या". तसं लिहिलं नाही तर फेब्रुवारीत तेच पान समोर येतं आणि हे राहिलंच की म्हणून धडकी भरते.

## 6. आता आठवडे भरा, प्रत्येकाची क्षमता बघून

दर आठवड्यात किती बैठका आहेत ते आधी लिहा. आमचे आठवडे असे होते:

- 16 ते 22 डिसेंबर: 16
- 23 ते 29 डिसेंबर: 14
- 30 डिसेंबर ते 5 जानेवारी: 12
- 6 ते 12 जानेवारी: 16
- 13 ते 19 जानेवारी: 4
- 20 ते 26 जानेवारी: 6
- 27 जानेवारी ते 2 फेब्रुवारी: 18
- 3 ते 9 फेब्रुवारी: 8
- 10 ते 16 फेब्रुवारी: 28
- 17 आणि 18 फेब्रुवारी: 8

पाचव्या आठवड्यात चार आणि नवव्यात अठ्ठावीस. "आठवड्याला सहा धडे" म्हणणारं वेळापत्रक का मोडतं, ते इथे दिसतं. त्या पाचव्या आठवड्यात सहा धडे कुठून होणार?

दर आठवड्याच्या साधारण दोन तृतीयांश बैठका प्रकरणांना द्या, उरलेल्यांत भाषा आणि मोकळी जागा. पहिल्या आठवड्याच्या सोळा आम्ही अशा वाटल्या: वर्गसमीकरणे 3, समरूपता 2, कार्बनी संयुगे 2, गुरुत्वाकर्षण 2, इतिहासाची दोन प्रकरणं मिळून 1. दहा झाल्या. भाषांना तीन. तीन कोऱ्या, एक बुधवारी रात्री आणि दोन रविवारी.

वर्गसमीकरणांना चार लागत होत्या आणि आम्ही तीनच टाकल्या, हे चुकून झालेलं नाही. तीन किंवा जास्त बैठकांच्या प्रत्येक प्रकरणाची शेवटची बैठक दोन आठवड्यांनी ठेवली. तिसऱ्या आठवड्यात ती वर्गसमीकरणांकडे परत आली तेव्हा विवेचकाचं सूत्र आठवत होतं, पण शाब्दिक उदाहरणं पुन्हा परकी झाली होती. ते जानेवारीत कळलं म्हणून बरं. सगळ्या बैठका लागोपाठ उरकल्या असत्या तर मार्चमध्ये कळलं असतं. वेगळी "उजळणी" म्हणून रकाना आम्ही केला नाही. असा रकाना नेहमी शेवटी असतो आणि तिथवर कुणी पोचत नाही.

जड प्रकरणं पहिल्या चार आठवड्यांत घ्या. एक तर प्रिलिमला ती होऊन जातात, आणि अडलं तर शिक्षक रोज भेटत असतात. फेब्रुवारीतल्या 28 च्या आठवड्याचा मोह आवरा. तो लांबून मोठा दिसतो, पण मागची थकबाकी शेवटी तिथेच येऊन बसते.

दिवसातली वेळही बघा. धाकटीला पहाटे गणित जमायचं, रात्री नाही. रात्रीच्या बैठकीत भूगोल, इतिहास, आकृत्या. "सोमवार 6:20 पर्यंत हे, 6:30 पासून ते" असं काही लिहिलं नाही. फक्त पहाट आणि रात्र असे दोन रकाने.

## 7. रविवारी रात्री दहा मिनिटं हिशोब

दर रविवारी तीन गोष्टी लिहायच्या: किती ठरल्या, किती झाल्या, किती थकल्या. मी फोनवर विचारायचो, ती आकडे सांगायची. गप्पा नंतर.

पहिल्या आठवड्यात दोन थकल्या, शाब्दिक उदाहरणांमुळेच. रविवारच्या दोन कोऱ्या बैठकांत भरून निघाल्या. तिसऱ्या आठवड्यात यात्रेहून आल्यावर ताप आला आणि पाच थकल्या. त्या आठवड्यात कोऱ्या होत्या दोन. उरल्या तीन. आमचा नियम असा होता की थकबाकी पुढच्या एकाच आठवड्यात न्यायची, तीही तिथल्या कोऱ्या जागेतच. तिथेही बसली नाही तर काहीतरी कापायचं. चौथ्या आठवड्यात कोऱ्या तीन होत्या, त्या तिन्ही त्यात गेल्या. तो आठवडा फार ताणाचा गेला.

वेळापत्रक बिघडतंय हे कसं ओळखायचं? सलग दोन आठवडे कोऱ्या बैठका पूर्ण संपल्या तर तुमचे धड्यांचे आकडे कमी धरलेत. इच्छाशक्ती वगैरे काढू नका, पायरी 4 वर परत जा आणि त्या विषयाचा नवा नमुना घ्या. धाकटीचे विज्ञान भाग एकचे आकडे असेच कमी निघाले. अपवर्तन आणि भिंगे दोन-दोन धरले होते. किरणाकृती पट्टीने काढायला वेळ लागतो, हे आम्ही धरलंच नव्हतं. दोन्हींना तीन-तीन केलं आणि त्या दोन बैठका भूगोलातून काढल्या.

उलटं, दोन आठवडे कोऱ्या बैठका तशाच राहिल्या तर कापलेलं काहीतरी परत आणा. आमच्याकडे ते एकदाच झालं, जानेवारीच्या अगदी शेवटी.

## 8. प्रिलिम झाली की पुढचं पान फाडा

प्रिलिमचे पेपर हातात आले की एकूण गुण बघून झाल्यावर कुठल्या प्रकरणात किती गेले ते लिहा. त्रिकोणमिती "झालं" म्हणून खूण केलेली होती. प्रिलिमला उन्नत कोनाच्या उदाहरणात तिने आकृतीच चुकीची काढली आणि पुढचं सगळं गेलं. उलट संभाव्यतेचे सगळे गुण मिळाले, त्याला फेब्रुवारीत पुन्हा हात लावला नाही.

27 जानेवारीपासूनचे आठवडे पुन्हा भरले. त्यासाठीच पेन्सिल. प्रकरणांचे नवे आकडे टाकले: त्रिकोणमितीला आणखी दोन, अर्थनियोजनाला एक. तेवढ्या कोऱ्या बैठका फेब्रुवारीत होत्या.

इथे शाळेत एक प्रकार घडतो. प्रिलिमला गुण कमी पडले की घरचे घाबरून नवा क्लास लावतात किंवा जाडजूड प्रश्नसंच आणतात. दोन्हींना बैठका लागतात, आणि त्या कुठून काढणार ते कुणी सांगत नाही. आमच्या काकांनी असा एक संच आणून दिला होता. तिने त्यातल्या फक्त गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका सोडवल्या, बाकीचा कोराच आहे. कुणाला हवा असेल तर सांगा.

## 9. पेपरांमधल्या सुट्ट्या आधीच खर्च करू नका

भाषांचे पेपर आधी असतात, मग गणित, विज्ञान आणि शेवटी समाजशास्त्र. त्यामुळे "इतिहास मार्चमध्ये बघू, मध्ये दिवस मिळतात" असं सगळेच म्हणतात. दिवस मिळतात, पण बीजगणित आणि भूमितीच्या मध्ये एखादाच असतो, आणि आदल्या पेपरच्या दुपारी डोकं चालत नाही. अशा एका दिवसात तीन बैठका झाल्या तरी खूप. एकदा वाचलेली सात-आठ प्रकरणं त्यात डोळ्यांखालून जातील. पहिल्यांदा वाचायची असतील तर दोन.

आमचीही दोन राहिली होती, खेळ आणि इतिहास आणि पर्यटन आणि इतिहास. नवव्या आठवड्यात लग्नाहून आलेली थकबाकी तिथे बसली आणि हे दोन कापले गेले. इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी तिने ते पहिल्यांदा वाचले, रानात आईला डबा देऊन येताना, बांधावर बसून. पर्यटनाचं पूर्ण झालं. खेळाचं शेवटचं पान राहिलं.